ऑपरेशन छान झालं, पण आई ओळखत नाही

हाडांच्या वॉर्डात संध्याकाळी सातचा सुमार. खिडकीजवळच्या खाटेवरचे आजोबा सलाईनची सुई उपटून उठायला बघतायत. "शेवटची एसटी निघून जाईल, सोडा मला," म्हणून ओरडतायत. मुलगा, वॉर्डबॉय आणि सिस्टर असे तिघे मिळून त्यांना आवरतायत. समोरच्या खाटेवर एक आजी डोळे मिटून पडल्या आहेत. दुपारचं जेवण ताटात तसंच आहे. हाक मारली तर "हं" म्हणतात आणि पुन्हा डोळे मिटतात. राउंडवर आलेले डॉक्टर त्यांच्या जखमेची पट्टी बघतात, नाडी-बीपीच्या नोंदींवर नजर टाकतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात, कारण आजींची तक्रार काहीच नाही.

आजार दोघांनाही एकच झालेला आहे. त्याला डिलिरियम म्हणतात: काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत मेंदूचं भान बिघडतं, लक्ष एका जागी टिकत नाही आणि ही अवस्था दिवसभरात कमी-जास्त होत राहते. आजोबांचा डिलिरियम सगळ्या वॉर्डाला कळला. आजींचा कळायला वेळ लागेल, आणि तोवर त्यांचं पाणी कमी पडेल, छातीत कफ साठेल, पाठीला शय्याव्रण सुरू होईल. शांत डिलिरियम जास्त घातक ठरतो तो यामुळेच. म्हाताऱ्या माणसांत तो विरळा नाही, उलट गोंगाट करणाऱ्या प्रकारापेक्षा तोच अधिक निसटतो.

या प्रकरणात आपण त्या आजींच्याच खाटेपाशी थांबू. या आजी कुणी एक व्यक्ती नाहीत. खुब्याचं हाड मोडून आलेल्या अनेक म्हाताऱ्या रुग्णांत जे दिसतं, ते एकत्र करून हे उदाहरण बांधलं आहे. वय ७८, वजन ४५ किलो, चौथीपर्यंत शाळा. न्हाणीत पाय घसरला, मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. पहिला दिवस लेप लावून घरीच गेला. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन करून हाडाचा मोडलेला गोळा काढला आणि कृत्रिम बसवला. ऑपरेशनला काही गालबोट लागलं नाही. त्यानंतरच्या दुसऱ्या संध्याकाळी सून म्हणाली, "सिस्टर, आत्या आज वेगळ्याच वाटतायत. मला मघाशी त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारली."

हे वाक्य म्हणजे डिलिरियमची पहिली आणि बहुतेक वेळा सर्वांत भरवशाची खूण. माणूस कसा होता हे घरच्यांना माहीत असतं, वॉर्डाला नसतं. पण अशा वेळी नातेवाइकांना मिळणारं उत्तर ठरलेलं असतं: "भुलीचा परिणाम आहे, उतरेल," किंवा "वय झालं, असं होतंच." भुलीच्या औषधांची गुंगी काही तासांत उतरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नव्यानं सुरू झालेला गोंधळ भुलीच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

याच समजुतीतून घरचे आधीच विनवतात, "पूर्ण भूल नको, कमरेत इंजेक्शन द्या, म्हणजे डोक्यावर परिणाम होणार नाही." हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर तपासला गेला आहे. अमेरिका आणि कॅनडात खुब्याच्या फ्रॅक्चरच्या १६०० रुग्णांवर झालेल्या रिगेन चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली आले. त्यात निम्म्यांना कमरेतून भूल आणि निम्म्यांना पूर्ण भूल दिली गेली. डिलिरियम दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच, पाचांतल्या एकाला झाला. कमरेतल्या इंजेक्शनचे इतर फायदे असतील, पण डिलिरियम टाळण्याची किल्ली तिथे नाही. ती वॉर्डात आहे.

डिलिरियम का होतो, याचं सगळं गणित अजून उलगडलेलं नाही. जखमेमुळे आणि शस्त्रक्रियेमुळे शरीरात दाह उसळतो, त्याचे रासायनिक संदेश मेंदूपर्यंत पोचतात, आणि लक्ष व स्मरण सांभाळणारं ॲसिटिलकोलिन हे मेंदूतलं रसायन कमी पडतं, इतकं ठळकपणे दिसतं. व्यवहारात उपयोगी पडते ती अमेरिकेतल्या डॉ. शेरॉन इनूये यांनी मांडलेली रीत. तिला तराजूसारखं समजावं. एका पारड्यात रुग्ण घरून घेऊन आलेली कमजोरी: वय, आधीचा विसराळूपणा, अधू नजर, कमी ऐकू येणं, अशक्तपणा. दुसऱ्या पारड्यात दवाखान्यात नव्यानं पडणारं वजन: वेदना, गुंगीचं औषध, लघवीची नळी, अपुरी झोप, कमी पाणी. पहिलं पारडं जड असेल तर दुसऱ्यात एखादी झोपेची गोळीही पुरते. तिशीतला धडधाकट माणूस अतिदक्षता विभागात आठवडा काढूनही भानावर राहू शकतो, आणि आजी एका रात्रीत हरवतात, त्याचं कारण हे.

पहिल्या पारड्यातलं वजन दाखल होतानाच मोजून ठेवावं लागतं. आजींची मोडलेल्या पायाची एक्स-रे फाईल तयार झाली, ईसीजी झाला, रक्त तपासलं, पण भानाची नोंद कुणी केली नाही. ती करायला दोन मिनिटं लागली असती. एडिनबरोचे प्रा. अलास्डर मॅकलुलिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेली फोर एटी नावाची चाचणी यासाठी जगभर वापरली जाते. तिला वेगळं प्रशिक्षण लागत नाही, पैसे पडत नाहीत, आणि वॉर्डातली कुठलीही सिस्टर ती करू शकते.

चाचणीचे भाग चार. पहिला, जागेपणा. रुग्णाला हाक मारून, गरज पडल्यास खांद्याला हात लावून उठवायचं. दहा सेकंदांत नीट जागा झाला तर शून्य गुण. बोलता-बोलता पुन्हा पेंगत असेल किंवा उलट बेफाम अस्वस्थ असेल तर थेट ४ गुण. दुसरा भाग चार साध्या प्रश्नांचा: वय, जन्मतारीख, आपण आत्ता कुठे आहोत आणि साल कोणतं. एक चूक असेल तर १ गुण, दोन किंवा जास्त असतील तर २. तिसरा भाग लक्ष तपासण्याचा: डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायचे. सात किंवा जास्त बरोबर आले तर शून्य, त्याहून कमी आले किंवा नकार दिला तर १, गुंगीमुळे चाचणी होऊच शकली नाही तर २. चौथा भाग रुग्णाला विचारायचाच नसतो. गेल्या दोन आठवड्यांत नव्यानं आलेला आणि गेल्या चोवीस तासांत दिसलेला बदल किंवा चढ-उतार आहे का, हे घरच्यांना आणि आधीच्या पाळीच्या सिस्टरला विचारायचं. असेल तर ४ गुण. एकूण ४ किंवा जास्त झाले तर डिलिरियम असण्याची शक्यता धरून पुढची तपासणी करायची.

महाराष्ट्रातल्या वॉर्डात ही चाचणी जशीच्या तशी वापरताना दोन ठिकाणी पाय अडखळतो. अनेक आजी-आजोबांची कागदावरची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली. खरी तारीख त्यांना ठाऊक नसते आणि वय "ऐंशीच्या घरात" असं सांगितलं जातं. हा डिलिरियम नव्हे. दुसरी अडचण महिन्यांची. ज्यांच्या तोंडी जानेवारी-फेब्रुवारी बसलेच नाहीत, त्यांना फाल्गुनापासून उलटं जायला सांगावं: फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष. तेही जमत नसेल तर वार उलटे विचारावेत. मूळ चाचणीच्या गुणांशी हे काटेकोर जुळत नाही, म्हणून कोणती यादी विचारली ते केस पेपरवर लिहायचं आणि ऑपरेशननंतर तीच यादी पुन्हा विचारायची. आपल्याला बदल शोधायचा आहे, आणि बदल आधीच्या नोंदीशिवाय दिसत नाही. चष्मा डोळ्यांवर आणि ऐकण्याचं यंत्र कानात असल्याखेरीज प्रश्न विचारू नयेत. नाहीतर बहिरेपणालाच गोंधळ समजलं जातं.

दुसऱ्या संध्याकाळी सुनेचं बोलणं ऐकून सिस्टरनी चाचणी केली. खाटेची डोक्याकडची बाजू वर केली, चष्मा लावला आणि कानाजवळ बोलल्या.

"आजी, डोळे उघडा. मी सिस्टर. आपण कुठं आहोत आत्ता?"

"घरी. चूल पेटवायचीय."

"साल कोणतं चालू आहे?"

आजी बोलायला लागल्या आणि मधेच डोळे मिटले. पुन्हा हलवून उठवलं, तेव्हा प्रश्न विसरल्या होत्या. मराठी महिने उलटे म्हणताना फाल्गुन, माघ झाल्यावर चैत्राकडे वळल्या आणि थांबल्या. सुनेनं सांगितलं की पडण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दुधाचा हिशोब त्याच ठेवत होत्या. जागेपणाचे ४, प्रश्नांचे २, महिन्यांचा १ आणि अचानक बदलाचे ४, असे बारापैकी ११ गुण झाले. सकाळी दहाला हीच चाचणी केली असती तर कदाचित ५ आले असते. हा आजार दिवसभरात वर-खाली होतो आणि अंधार पडल्यावर बहुधा बळावतो. म्हणून ऑपरेशननंतरचे पहिले तीन दिवस प्रत्येक पाळीत एकदा चाचणी करावी. फक्त सकाळच्या राउंडला विचारलं तर नेमका त्यांचा बरा तास वाट्याला येतो. "बरं वाटतंय ना आजी?" या प्रश्नाला तर डिलिरियममधला माणूसही "हो" म्हणतो.

गुण आले म्हणजे निदानाची सुरुवात झाली. पुढचा प्रश्न: शरीरात काय बिघडलंय? डिलिरियम हा मेंदूनं दिलेला इशारा असतो आणि त्यामागे बहुधा एकाहून जास्त कारणं असतात. आजींच्या खाटेपाशी ती एकामागून एक सापडत गेली.

औषधांचा तक्ता सर्वांत आधी. ऑपरेशनच्या रात्री वेदनेसाठी ट्रामाडॉलचं इंजेक्शन होतं, आणि त्यानं मळमळू नये म्हणून जोडीला प्रोमेथॅझिन. ही जोडी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. प्रोमेथॅझिन हे ॲसिटिलकोलिनचं काम अडवणारं औषध आहे, म्हणजे म्हाताऱ्या मेंदूत जे रसायन आधीच कमी पडतंय त्यावरच घाला. सर्दी-खाजेच्या बऱ्याच जुन्या गोळ्या याच कुळातल्या. पहिल्या रात्री झोप लागेना म्हणून अल्प्राझोलमची गोळीही दिली होती. झोपेच्या या जातीच्या गोळ्या डिलिरियम ओढवून आणतात. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. रुग्ण घरी रोज ही गोळी घेत असेल तर ती एकदम तोडायची नाही, कारण तोडल्यानंही भ्रम होतो. आजी घेत नव्हत्या, म्हणून डॉक्टरांनी ती आणि प्रोमेथॅझिन दोन्ही बंद केली.

दुसरं कारण रक्तात सापडलं. सोडियम १२६ होतं. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं थायझाइड जातीचं औषध होतं, पडल्यापासून जेवण नव्हतं आणि सलाईन चालू होतं. सोडियम घाईनं वर आणलं तर मेंदूला इजा होते, म्हणून दिवसाला आठ-दहा अंकांपेक्षा जास्त चढू न देता ते वर आणायचं ठरलं. बीपीची गोळी बदलली.

तिसरं कारण कुणी विचारलंच नव्हतं. पडल्यापासून आजींना शौचाला झालेलं नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी घातलेली लघवीची नळीही अजून तशीच होती, कारण मोडक्या पायानं त्यांना बाथरूमला कोण नेणार? भरलेलं मोठं आतडं आणि मूत्राशयात टोचणारी नळी ही म्हाताऱ्या माणसाला बेभान करायला पुरेशी असतात. नळी ऑपरेशनच्या दुसऱ्या सकाळी काढायला हवी होती. काढल्यावर पुढच्या सहा तासांत लघवी झाली का, पोट खाली फुगलंय का, हे पाहावं लागतं. लघवी तुंबली तर गोंधळ आणखी वाढतो.

वेदनेचं काय? आजींना विचारलं तर "काही नाही बाळा, ठीक आहे." म्हणून तोंडच्या उत्तरावर न विसंबता कूस बदलताना बघायचं. कपाळ आकसलं, श्वास रोखला, हात खाटेच्या कठड्याला घट्ट धरला, तर दुखतंय. वेदना न शमवल्यानंही डिलिरियम होतो आणि जड वेदनाशामकानंही होतो. त्यामुळे मधला मार्ग म्हणजे पॅरासिटामॉल वेळेवर, मागायची वाट न बघता. ४५ किलोच्या आजींना यकृत नीट असेल तर दर सहा तासांनी ६५० मिलीग्रॅम. दाखल होतानाच जांघेजवळ भुलीचं इंजेक्शन देऊन पायाची नस बधिर केली असती तर पहिल्या दोन दिवसांत जड औषधं आणखी कमी लागली असती.

आता प्रतिबंधाकडे. डिलिरियम साधारण तीस ते चाळीस टक्के रुग्णांत टाळता येतो, असा अंदाज अनेक अभ्यासांतून निघतो. त्याची सुरुवात येल विद्यापीठाच्या दवाखान्यात झाली. १९९९ साली इनूये आणि सहकाऱ्यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यात औषध नव्हतंच. दिवसातून अनेकदा तारीख-वार-ठिकाण सांगणं, चालवणं, चष्मा आणि कानाचं यंत्र देणं, पाणी पाजणं, रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम पेय, हळू संगीत आणि पाठीवरून हात फिरवणं, इतकंच. डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. ते रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते. खुब्याच्या फ्रॅक्चरसाठीचा पुरावा दोन वर्षांनी बॉस्टनहून आला. तिथे वृद्धांच्या आजारांचे डॉक्टर ऑपरेशनच्या आधी किंवा लगेच नंतर येऊन रोज सूचना देऊ लागले, तेव्हा प्रमाण ५० टक्क्यांवरून ३२ वर उतरलं.

आपल्याला सर्वांत जवळचा वाटावा असा अभ्यास तैवानचा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेले पासष्टीपुढचे ३७७ रुग्ण होते. कामं फक्त तीन. एक नर्स रोज येऊन रुग्णाशी भान जागं ठेवणारं बोलायची, तोंड स्वच्छ करून खाण्यापिण्याला मदत करायची आणि लवकर उठवून चालवायची. डिलिरियम १५.१ टक्क्यांवरून ६.६ वर आला. तीन कामांतलं एकही असं नाही जे जिल्हा रुग्णालयात जमू नये. अडचण मनुष्यबळाची आहे, आणि ती खरी आहे. एका सिस्टरकडे तीस खाटा असतील तर रोज प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलायला ती कुठून आणणार? पण आपल्या वॉर्डात एक गोष्ट आहे जी त्या परदेशी दवाखान्यांत सहसा नसते. प्रत्येक खाटेपाशी घरचं माणूस असतं. ते माणूस बहुधा औषधं आणायला धावत असतं किंवा कोपऱ्यात चटईवर बसलेलं असतं. त्याला नेमकं काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून शुश्रूषेची योजना कागदावर लिहून खाटेला लावायची, आणि प्रत्येक कामापुढे कोण ते लिहायचं. आजींसाठी तिसऱ्या सकाळी अशी योजना झाली. सकाळी सातला पडदा उघडून दिवसाचा उजेड येऊ द्यायचा, हे सिस्टरचं काम. दातांची कवळी घरी फडताळात राहिली होती, ती नातवानं आणली. कवळी नसताना आजी चहात बुडवलेल्या बिस्किटापलीकडे काही खात नव्हत्या, आणि वॉर्डात त्याची नोंद "भूक नाही" अशी झाली होती. बॅगेत पडून असलेला चष्मा आता जागेपणी कायम डोळ्यांवर. दर दोन तासांनी अर्धा पेला पाणी, ताक किंवा पेज, बसवून आणि घोटाघोटानं, हे सुनेचं काम. किती प्यायल्या ते भिंतीवरच्या कागदावर रेघ मारून लिहायचं. लघवीची नळी सकाळी आठला काढली. सलाईन दुपारी बंद झालं. ऑक्सिजनची गरज नव्हती तरी नाकात नळी होती, तीही निघाली. नळ्या निघाल्या तसा माणूस खाटेपासून सुटतो.

मग उठणं. गोळा बदललेल्या रुग्णाला बहुतेक वेळा दुसऱ्याच दिवशी पायावर पूर्ण वजन देता येतं. सर्जनची परवानगी घेऊन फिजिओथेरपिस्ट आणि मुलगा यांनी आजींना खुर्चीत बसवलं. खुर्ची उंच, म्हणजे नवीन सांधा फार वाकू नये. पहिल्या दिवशी दोन वेळा, अर्धा-अर्धा तास, आणि जेवण खुर्चीतच. दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन दारापर्यंत. रेचक औषध चालू झालं आणि शौचाला कमोडच्या खुर्चीवर बसवलं.

बोलायचं कसं, हे घरच्यांना शिकवावं लागतं. एका वेळी एकच माणूस, एका वेळी एकच वाक्य. "आई, मी शंकरचा धाकटा, ओळखलं का? सांग बरं कोण?" अशी परीक्षा घेऊ नये. त्यानं रुग्ण घाबरतो आणि गोंधळतो. त्याऐवजी, "आई, मी तुझा मुलगा. आज गुरुवार. आपण दवाखान्यात आहोत. पायाचं ऑपरेशन झालंय. दुपारी ताई येणार आहे." हेच वाक्य दिवसातून दहा वेळा, न कंटाळता. आजी "गाय सोडायचीय" म्हणाल्या तर "कुठली गाय? उगाच काहीतरी बोलू नको" असं म्हणायचं नाही. "गाय दादानं सोडली, मी फोन करून विचारलं," हे खरं असेल तर सांगायचं, आणि हळूच विषय दवाखान्याकडे आणायचा. भेटायला आलेल्या दहा जणांनी खाटेभोवती कडं केलं की संध्याकाळ बिघडते. गाव जमा झालं तरी खाटेपाशी दोघं, बाकीचे बाहेर.

योजनेतला सर्वांत कठीण भाग रात्र. वॉर्डाची रात्र बघितली तर झोप लागणं हाच चमत्कार वाटेल. दहाला इंजेक्शन, बाराला बीपी, दोनला अँटिबायोटिक, चारला रक्त घेणं, पाचला मावशी स्पंजिंगला येणार आणि चादरी बदलणार, कारण सकाळची पाळी येण्याआधी ते उरकायचं असतं. डोक्यावर पांढरी ट्यूबलाइट रात्रभर. यातलं बरंच बदलता येतं आणि त्यासाठी पैसा लागत नाही. आजींचं अँटिबायोटिक डॉक्टरांना विचारून रात्री दहा आणि सकाळी सहाला केलं. प्रकृती स्थिर असल्यानं मधल्या बीपीची नोंद थांबवली. रक्त सकाळी सहानंतर, स्पंजिंग आठला. आजींच्या बाजूची ट्यूब दहाला बंद केली आणि दरवाज्याजवळचा एक लहान दिवा चालू ठेवला, कारण पूर्ण काळोखात जाग आली तर आणखी भीती वाटते. साडेनऊला कोमट दूध, पाठीला तेलाचा हलका हात, आणि पायाकडे मुलगी. दिवसा दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू द्यायचं नाही, हेही रात्रीच्या झोपेसाठीच.

आता समोरच्या खाटेवरचे आजोबा. त्यांच्यासाठी योजना हीच, पण एक मोह टाळावा लागतो: हात बांधण्याचा. बँडेजनं मनगट कठड्याला बांधलं की सुई वाचते, पण माणूस अधिकच लढतो, त्वचा फाटते, कठड्यावरून पडण्याचा धोका वाढतो आणि डिलिरियम लांबतो. त्याऐवजी ज्या नळीसाठी हात बांधायचा विचार आहे, ती नळी लागतेय का, हे आधी विचारायचं. लागत असेल तर सुईवर बाही ओढायची, नजरेआड करायची. खाट अगदी खाली घ्यायची. ओळखीच्या माणसानं शेजारी बसून हात हातात धरायचा. भांडू नये, समजावण्याचा अट्टहास करू नये.

घरच्यांना एक प्रश्न एकांतात आणि स्पष्ट विचारलाच पाहिजे: रोज दारू घेतात का? कितीतरी घरांत "नाही हो, कधीतरी" असं उत्तर येतं. दारू सुटल्यावर दोन-तीन दिवसांनी येणारा भ्रम वेगळा असतो. हात थरथरतात, घाम फुटतो, नाडी धावते, फेफरं येऊ शकतं. त्यात ज्या झोपेच्या जातीच्या गोळ्या इतर डिलिरियममध्ये टाळायच्या, त्याच उपचार म्हणून लागतात, आणि थायमिन हे जीवनसत्त्वही. तंबाखू आणि मिश्रीचंही विचारावं. ती अचानक तुटल्यानंही माणूस बेचैन होतो.

औषधांचा भाग थोडाच. हॅलोपेरिडॉलसारखी औषधं डिलिरियम टाळत नाहीत. रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याच्या बेतात असेल आणि बाकी सगळं करून झालं असेल, तरच डॉक्टर अगदी लहान मात्रेत, थोड्या काळासाठी ती वापरतात. पार्किन्सन्सच्या रुग्णाला तर ती घातक ठरतात. आजींसारख्या शांत रुग्णाला त्यांचा काहीच उपयोग नाही.

विनाऔषध योजनेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. येलच्या त्याच अभ्यासात असं दिसलं की डिलिरियम एकदा झाल्यावर त्याची तीव्रता या उपायांनी फारशी कमी झाली नाही. फायदा झाला तो आधीच रोखण्यात. म्हणूनच योजना पहिल्या दिवसापासून हवी, सुनेनं तक्रार करण्याची वाट बघून नव्हे. आजींच्या बाबतीत जे केलं त्यातलं निर्णायक काम कारणं काढून टाकण्याचं होतं. चौथ्या दिवशी त्या पेंगत नव्हत्या, पण संध्याकाळी अजून बहिणीला हाका मारत होत्या. सोडियम १३३ वर आलं. सातव्या दिवशी गुण ११ वरून २ वर उतरले.

पण २ म्हणजे शून्य नव्हे. काही रुग्णांत गोंधळ आठवडे टिकतो, काहींची स्मरणशक्ती आधीच्या पातळीवर परत येत नाही, आणि काहींत आधीपासून लपलेला स्मृतिभ्रंश याच निमित्तानं उघड होतो. त्यामुळे घरी सोडताना दिलेल्या कार्डावर जखमेच्या आणि टाक्यांच्या तारखांइतकंच ठळकपणे डिलिरियमचं नाव असायला हवं. बहुतेक कार्डांवर ते नसतं. आजींच्या कार्डावर तीन ओळी वाढवल्या: ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी डिलिरियम, कारणं सोडियम कमी, प्रोमेथॅझिन व अल्प्राझोलम, शौच तुंबणं. ही दोन औषधं आणि थायझाइड पुन्हा देऊ नयेत. सहा आठवड्यांनी हाडांच्या ओपीडीत येताना सोडियम तपासून आणावं आणि तीन महिन्यांनी स्मरणशक्तीची चाचणी करावी. पुढे कधी मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे कार्ड आधी दाखवायचं, असं सिस्टरनी सुनेला सांगितलं आणि कार्डाचा फोटो तिच्या मोबाईलवर काढून ठेवायला लावला.